मित्राच्या हरण्यावरचे कमिशन

पूर्वी बँकेत नवे खाते उघडायचे तर ओळख लागत असे. जुना खातेदार फॉर्मवर सही करी, आम्ही ती सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहात असू आणि मगच नव्या माणसाच्या हाती पासबुक पडे. त्या सहीबद्दल ओळख देणाऱ्याला एक पैसाही मिळत नसे. उलट नव्या खात्यात काही भानगड झाली तर पहिला निरोप त्याच्याकडे जाई. म्हणून माणसे ओळख देताना दहादा विचार करीत. मी नोकरीची बरीच वर्षे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात काढली. ‘सही देतो, पण आधी त्याच्या बापाला विचारतो’ असे म्हणणारे खातेदार मी तिथे पाहिले आहेत. ओळख म्हणजे जोखीम, हा त्या सहीमागचा साधा अर्थ होता.

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर ओळखीचा एक वेगळाच धंदा उभा राहिला. ‘मित्राला आणा, पैसे मिळवा.’ तुमच्या नावाचा एक कोड असतो, एक लिंक असते. ती मित्राने दाबली, नाव नोंदवले, की तुमच्या खात्यात काहीतरी जमा होते. यात वाईट असे काही वाटत नाही आणि पुष्कळदा ते नसतेही. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरात पंतप्रधानांनी भीम ॲपसाठी अशीच योजना जाहीर केली होती. नव्या माणसाला ॲप घ्यायला लावायचे, त्याने तीन व्यवहार केले की आणणाऱ्याला १० रुपये. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलचे तेज नावाचे ॲप आले. तिथे नव्याने पहिला व्यवहार केला की दोघांनाही ५१ रुपये मिळत. रक्कम ठरलेली, एकदाच मिळणारी. मित्राने पुढे त्या ॲपवरून वाण्याचे बिल भरले की विजेचे, याच्याशी आणणाऱ्याला काही कर्तव्य नव्हते.

ज्या ॲपवर पैसे लावून खेळायचे असते, तिथे मात्र तीच योजना बघता बघता वेगळे रूप घेते. पैसे लावून रमी, क्रिकेटच्या संघावरच्या पैजा, परदेशी साइटींवरचे कॅसिनो, सगळीकडे ‘मित्राला आणा’ असतेच. पण तिथे मित्र नुसता आला म्हणून आणणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. मित्राने पैसे भरले तर थोडे मिळते. मित्र खेळत राहिला तर आणखी थोडे. आणि काही ठिकाणी मित्र हरला तर त्या हरण्याचा ठरावीक वाटा मिळतो. हे सगळे लिहिलेले असते, लपवलेले नसते. फक्त ते वरच्या मोठ्या अक्षरांत नसून खालच्या अटींत असते, आणि अटी वाचण्याची सवय आपल्याला नाही.

मला त्या वाचण्याची सवय आहे, कारण आयुष्यभर तेच केले. निवृत्तीनंतर गावातली मुले कधी कर्जाचा कागद घेऊन येतात, कधी विम्याचा. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याकडचा एक तरुण मोबाइल घेऊन आला. ‘काका, हे बघा ना. बाराशे रुपये दाखवतंय, पण काढायला गेलं की येत नाहीत. बँकेची चूक आहे का?’ बँकेची चूक नव्हती. ते रुपये नव्हतेच. ते ‘क्रेडिट’ होते. तो त्याच्या धाकट्या चुलतभावाला घेऊन आला होता आणि ते बाराशे त्या चुलतभावाच्या नावावर मिळालेले होते. म्हणून मी त्याच्याबरोबर बसून अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. पुढचे हिशेब समजावे म्हणून मी सोपे, सरळ आकडे घेतो. टक्के प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पण सांगाडा तोच असतो.

आधी रमीचा प्रकार घेऊ. देशी ॲपांवर तो सर्वांत जास्त दिसत असे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘प्रत्येक मित्रामागे १००० रुपयांपर्यंत मिळवा’. या वाक्यातला खरा शब्द ‘पर्यंत’ हा आहे. अटींत असे असते की मित्राच्या प्रत्येक डावातून कंपनी जे कमिशन कापते, त्याच्या दहा टक्के तुमच्या खात्यात जमा होतील आणि असे करीत एकूण १००० झाले की थांबेल. म्हणजे हजार रुपये हे बक्षीस नसून वरची मर्यादा आहे. तिथवर पोचायला मित्राने काय करायला हवे, ते पाहू.

समजा दोघेजण खेळायला बसले आणि प्रत्येकाने १०० रुपये लावले. पटावर २०० झाले. कंपनीने दहा टक्के, म्हणजे २० रुपये, आपले कमिशन काढून घेतले. जिंकणाऱ्याला १८० मिळाले. जिंकला तो ८० नी वर आला, हरला तो १०० नी खाली गेला. दोघेही सारख्याच तयारीचे असतील तर दोन डावांत एक जिंकायचा, एक हरायचा. दोन डावांत २० रुपये गेले, म्हणजे डावामागे सरासरी १० रुपये. कुणी बेइमानी केली नाही, पत्ते नीट पिसले, तरी हे १० रुपये जातातच. ती बसण्याची किंमत आहे.

आता आपला धाकटा चुलतभाऊ १००० रुपये भरतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा भरण्याच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे हजारातले सुमारे २१९ रुपये कर आणि ७८१ रुपये खेळायला. अनेक कंपन्या तेवढी भरपाई बोनसच्या रूपाने देत असत, पण तो बोनस रोख नसे, म्हणून तो बाजूला ठेवू. ७८१ रुपये, डावामागे १० रुपये, म्हणजे सरासरीने ७८ डावांत ते संपतात. ते सगळे कमिशनच्या रूपाने कंपनीकडे गेलेले असतात. त्याच्या दहा टक्के, म्हणजे ७८ रुपये, थोरल्या भावाच्या खात्यात. वर लिहिलेले ‘हजार’ कुठे आणि हे अठ्ठ्याहत्तर कुठे!

हजार पुरे व्हायचे तर कंपनीला धाकट्याकडून १०,००० रुपये कमिशन मिळायला हवे. बरोबरीच्या खेळाडूच्या बाबतीत कमिशन हाच तोटा. म्हणजे त्याने १०,००० हरायला हवेत आणि ते हरण्यासाठी, करासकट, १२,८०० रुपये भरायला हवेत. डाव मोजायचे तर हजार डाव. एक डाव पाच मिनिटांचा धरला तर सुमारे त्र्याऐंशी तास. थोरल्याला हजार रुपयांचे क्रेडिट मिळावे म्हणून धाकट्याने त्र्याऐंशी तास बसायचे आणि बारा हजार आठशे घालवायचे, असा हा व्यवहार आहे. आणि हे सारख्या तयारीच्या खेळाडूचे झाले. नवा माणूस बहुधा कच्चाच असतो. समोर रोज खेळणारा बसला की कच्च्याचे पैसे त्याच्याकडेही जातात, मग धाकट्याचा खर्च याहून जास्त येतो.

हा झाला कमिशनचा वाटा. दुसरा प्रकार याहून उघड आहे. तो मुख्यतः परदेशातून चालणाऱ्या पैजांच्या आणि कॅसिनोच्या साइटींवर दिसतो. तिथे सरळच लिहिलेले असते, ‘मित्राच्या निव्वळ तोट्याच्या २५ टक्के, दरमहा’. रेवदंड्याचा तरुण घेऊन आला होता तो मोबाइल या जातीचा होता.

‘निव्वळ’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे. समजा धाकट्याने महिन्यात तीनदा पैसे भरले, ५०००, ३००० आणि २०००. एकूण १०,०००. मध्ये एकदा जिंकला तेव्हा ४००० काढून घेतले. महिनाअखेरीला खात्यात शून्य. तोटा ६०००. आता कंपनी म्हणते, आम्ही त्याला हजार रुपयांचा स्वागत-बोनस दिला होता, तो वजा. पैसे भरून घेण्याचा खर्च २००, तोही वजा. उरले ४८००. त्याच्या २५ टक्के, १२००. हे ते बाराशे. तो तरुण ज्याला बँकेची चूक समजत होता, तो त्याच्या भावाच्या सहा हजारांच्या तोट्यातून कापून आलेला वाटा होता.

पुढच्या महिन्यात काय होते ते अधिक बोलके आहे. समजा धाकट्याचे नशीब उघडले आणि तो ८००० रुपये जिंकला. थोरल्याला आनंद व्हायला हवा. पण अशा योजनांत पुष्कळदा एक कलम असते. उणे शिल्लक पुढे ओढली जाते. थोरल्याच्या वहीत आता उणे ८००० लिहिले गेले. धाकटा पुन्हा आठ हजार हरेपर्यंत थोरल्याला दमडी मिळणार नाही. दोघांचे हितसंबंध एकाच ओळीने उलटे करून ठेवलेले आहेत. धाकटा जिंकला की थोरल्याचे नुकसान, धाकटा हरला की थोरल्याची कमाई. आणि सकाळी दोघे एकाच होडीवर जाळे ओढायला जातात.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर या योजनेत फार शहाणपण आहे, हे एका जुन्या बँकवाल्याने कबूल करायलाच हवे. वर्तमानपत्रात किंवा टीव्हीवर जाहिरात दिली तर पैसे आधी मोजावे लागतात, गिऱ्हाईक येवो न येवो. मित्रामार्फत गिऱ्हाईक आणले तर पैसे नंतर, आणि तेही गिऱ्हाईक हरल्यावरच, त्याच्याच पैशांतून द्यायचे. जाहिरातीची जोखीम कंपनीने थोरल्या भावाच्या गळ्यात घातली. शिवाय टीव्हीवरच्या अनोळखी चेहऱ्यावर धाकटा भरवसा ठेवील की नाही सांगता येत नाही, भावावर ठेवतोच.

आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेल्या आस्की या संस्थेने १५ डिसेंबर २०२० पासून पैशांच्या खेळांच्या जाहिरातींना नियम घातले. जाहिरातीत आर्थिक धोक्याचा आणि व्यसनाचा इशारा हवा, आणि खेळ हा कमाईचा किंवा नोकरीचा पर्याय म्हणून दाखवता कामा नये. पण भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकखाली कसला इशारा? तो तर लिहितो, ‘अरे टाक पाचशे, मी काल दोन हजार काढले.’ हाच मजकूर कंपनीने छापला असता तर नियम मोडला असता. भावाने लिहिला तर ती नुसती गप्पा झाली. ॲपवर तर यासाठी सोयही असते. मित्राने नाव नोंदवले पण पैसे भरले नाहीत, तर त्याच्या नावापुढे ‘बाकी’ असे दिसते आणि शेजारी ‘आठवण करा’ असे बटण असते. कुणी किती भरले, कुणाचे अडले आहे, हे आणणाऱ्याला बसल्या जागी कळते. वसुलीचे रजिस्टरच ते.

आमच्या पिढीला मटका ठाऊक आहे. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत सुरू केलेला तो खेळ पुढे कोकणच्या प्रत्येक एसटी स्टँडपर्यंत पोचला. तिथेही आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारा रायटर असे आणि त्याला कमिशन असे. पण ते कमिशन लिहिलेल्या रकमेवर असे. आकडा लागो वा न लागो, रायटरचे कमिशन ठरलेले. म्हणून तो तुमच्या जिंकण्याचे पेढेही खाऊ शके. शिवाय तो रायटर आहे हे सगळ्या गावाला माहीत असे. आज रायटर कोण हे माहीत नसते, कारण तो भाऊ असतो, मित्र असतो, बोटीवरचा खलाशी असतो. आणि त्याच्या कमाईची तार तुमच्या तोट्याला जोडलेली असते, हे तुम्हाला दाखवणाऱ्या पडद्यावर कुठेही येत नाही. मित्राला फक्त मित्राचा बोनस दिसतो.

हाच सांगाडा मोठा केला की काय होते, ते महादेव ॲपच्या प्रकरणात दिसले. संयुक्त अरब अमिरातीतून चालणारे हे बेटिंगचे जाळे ‘पॅनेल’ म्हणजे शाखा वाटून देत असे, आणि त्या ओळखीपाळखीच्या माणसांना ७०-३० टक्के नफ्याच्या वाटणीवर दिलेल्या होत्या, असे सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप आणि साइटी बंद करण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात मुंबईत माटुंगा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शाखेचा नफा म्हणजे तिथे खेळणाऱ्यांचा तोटा. पॅनेल घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, तो धंदा म्हणूनच बसतो. लिंक पाठवणाऱ्या पोराला ते ठाऊक नसते. फरक इतकाच, हिशेबाची रीत एकच.

आता त्या बाराशेंकडे येऊ. ते काढता का येत नव्हते? कारण क्रेडिटलाही अटी असतात. आधी ते ठरावीक पटीने लावायचे, मग उरेल ते काढायचे. समजा वीसपट अट आहे आणि मुदत तीस दिवसांची. १२०० गुणिले वीस, म्हणजे २४,००० रुपयांच्या पैजा महिनाभरात लावायला हव्यात. त्या खेळात दर शंभराला कंपनीचा सरासरी फायदा पाच रुपये धरला तर चोवीस हजारांवर १२०० रुपये जातात. म्हणजे अट पुरी होईपर्यंत सरासरीने बक्षीस शून्यावर येते. अट दहापट असती तर ६०० जाऊन ६०० उरले असते. एखादा नशीबवान यातून वर येतो, हे खरे. सरासरी म्हणजे प्रत्येकाचे भवितव्य नव्हे. पण बहुतेकांच्या बाबतीत, वीसपट पुरी होण्याआधीच क्रेडिट संपते आणि मग ‘एवढेच राहिले आहे’ म्हणून स्वतःच्या खिशातले पाचशे आत जातात. आणणाराही त्याच वाटेने खेळणारा होतो. ब्रिटनमध्ये हा प्रश्न इतका वाढला की तिथल्या जुगार आयोगाने १९ जानेवारी २०२६ पासून बोनसवरच्या अशा अटीला जास्तीत जास्त दहापटीची मर्यादा घातली.

आणि ते निघालेच तर? आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के कर मुळातून कापण्याचा नियम आला. त्याच्या तपशिलात ‘रेफरल बोनस’ हा शब्द नावानिशी आहे. तुम्ही स्वतः भरलेले पैसे काढलेल्या रकमेतून वजा होतात. मित्र आणल्याबद्दल मिळालेला बोनस वजा होत नाही. जो बोनस नुसता खेळायलाच वापरता येतो तो हिशेबात धरत नाहीत, पण तो काढण्याजोगा झाला की करपात्र. म्हणजे दहापटीच्या अटीतून वाचलेल्या सहाशेतूनही सरकारचा वाटा जायचा. तरुणाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. ‘म्हणजे काका, भावाचे सहा हजार गेले ते गेलेच, आणि माझ्या हातात काय, तर पाव-वड्याचे पैसे!’ हिशेब त्याला माझ्याआधी कळला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्या कायद्याने बाजूला सारला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. त्या आठवड्यातच मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. रमीचे जे गणित मी वर मांडले ते त्या कंपन्यांच्या चलतीच्या काळातले आहे. पण परदेशातून चालणाऱ्या साइटी कायद्याने आपोआप नाहीशा होत नाहीत. एक पत्ता बंद केला की दुसऱ्या नावाने उगवतात. त्यांना टीव्हीवर जाहिरात करता येत नाही, वर्तमानपत्रात येत नाही. मग त्यांच्याजवळ उरतो तो एकच रस्ता. भाऊ, मित्र, शेजारी.

म्हणून या कायद्यातली जाहिरातीची तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळाकडे लोकांना थेट किंवा आडून ओढणारी जाहिरात करणे, करवणे, तिला मदत करणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. स्वतःचा कोड घालून शंभर जणांना लिंक पाठवणारा माणूस या शब्दांत बसतो की नाही, हे न्यायालयेच ठरवतील. पण ‘मी तर नुसता खेळणारा’ असे म्हणण्याची त्याची जागा पुष्कळ आक्रसते. ज्याला कमिशन मिळते त्याला नुसता खेळणारा म्हणणे कठीण आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर या गोष्टीला एक हंगाम आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, बाहेर पाऊस. मुलांच्या हातात हंगामाच्या हिशेबाचे थोडे पैसे असतात आणि दिवसभर मोबाइल. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कोळीवाड्यांत सगळे एकमेकांचे नात्याचे. एका माणसाने लिंक टाकली की आठवड्यात गल्लीभर होते. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात लोटायची वेळ येते तेव्हा डिझेलला, बर्फाला पैसे हवे असतात. तेव्हा कळते की घरातला एकजण रिकामा झाला आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही कळते. तोटा पैशाचा असतो तोवर भरून निघतो. चुलत्या-पुतण्यांत अबोला झाला की बोटीवर माणूस मिळत नाही.

घरच्यांनी ओळखायचे कसे? पासबुक किंवा बँकेचा संदेश पाहा. रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान ३००, ५००, ५०० अशा रकमा, तासाभरात चार-पाच वेळा, कुठल्यातरी न ऐकलेल्या नावाने किंवा दर खेपेला वेगळ्याच माणसाच्या खात्यात जात असतील, तर तो किराणा नव्हे. परदेशी साइटी पैसे घेण्यासाठी दुसऱ्यांची खाती वापरतात, म्हणून नाव रोज बदलते. याचीच दुसरी बाजू अशी की ‘मित्र आणण्यापेक्षा नुसते खाते वापरायला दे, जास्त मिळेल’ असे कुणी तुमच्या मुलाला म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवा. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून गेला की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खाते गोठवते, आणि गोठलेले खाते सोडवायला किती खेटे घालावे लागतात ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. पैसे फसवून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर तितका पैसा पुढे सरकतो.

आणि लिंक आलीच, तर पाठवणाऱ्याशी भांडू नका. तो बहुधा तुमचे वाईट चिंतून पाठवीत नाही, त्याला स्वतःलाच अटी ठाऊक नसतात. त्याला शेजारी बसवा, त्याच्या मोबाइलवर अटींचे पान उघडा आणि चार शब्द शोधा. ‘पर्यंत’, ‘निव्वळ’, ‘पात्र मित्र’ आणि ‘पट’. पर्यंत म्हणजे मिळेलच असे नाही. निव्वळ म्हणजे कुणाचा तरी तोटा मोजला जातो आहे. पात्र मित्र म्हणजे नुसता आलेला नव्हे, पैसे भरलेला मित्र. पट म्हणजे मिळालेले आधी पुन्हा लावायचे. मग त्याला एकच प्रश्न विचारा. ‘मी आलो, नाव नोंदवले, पण एक रुपया भरला नाही आणि एक रुपया हरलो नाही, तर तुला काय मिळेल?’ उत्तर ‘ठरलेले मिळेल’ असे असेल तर ती साधी जाहिरात. उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर तुम्हाला बोलावण्याचे कारण दोघांनाही त्याच क्षणी कळेल.

रेवदंड्याच्या त्या तरुणाने हा प्रश्न मला विचारला नाही, त्याच्या धाकट्या भावाने त्याला विचारला. त्यानंतर दोघांनी मिळून ॲप काढून टाकले. सहा हजार परत आले नाहीत, यायचेही नव्हते. पण थोरल्याने पुढचे तीन महिने बोटीवरच्या आपल्या वाट्यातून चारशे-चारशे करून बाराशे रुपये धाकट्याला दिले. मी त्याला सांगितले नव्हते. कायद्याने त्याच्यावर ते देणे लागत नव्हते आणि कुठल्याही अटींत तसे लिहिलेले नव्हते.